रश्श्यावरचा आळ

माझ्या नवऱ्याचं, हॉलिसचं, पोट रविवारी संध्याकाळी बिघडलं आणि सोमवारी सकाळपर्यंत मी गुन्हेगार शोधूनही काढला होता. मला अशा कामाला वेळ लागत नाही. आदल्या शनिवारी आमच्या शेतकरी मंडळाच्या हॉलमध्ये वर्षाचं जेवण होतं, चिकनचा दाट रस्सा आणि लोण्यातले मऊ पाव, आणि हा रस्सा गेली बावीस वर्षं मेविस पेल्की करत आली आहे. हॉलिसने तीन वेळा वाढून घेतला होता. घरी त्याला माझा रस्सा दुसऱ्यांदा वाढावा लागला तर डॉक्टरला बोलवावं लागेल.

मेविस माझी मैत्रीण. म्हणजे व्हर्माँटच्या डोंगरात दोन घरांमध्ये अर्धा मैल अंतर असलं की जी काय मैत्री होते, ती. दोघीही सत्तरीच्या जवळ आलेल्या. तिचा नवरा गेल्यापासून दर शुक्रवारी मी तिला झऱ्याच्या पाण्याचे दोन कॅन नेऊन देते, कारण तिच्या गुडघ्यांना झऱ्याची उतरण झेपत नाही. ती मला अंडी देते. पण हॉलच्या स्वयंपाकघराची किल्ली बावीस वर्षांपूर्वी मंडळाने तिला दिली, मला नाही. हे मी विसरलेले नाही. खोटं कशाला बोलू?

तर मी काय पाहिलं होतं? एक म्हणजे, शुक्रवारी संध्याकाळी मी टेबलं मांडायला गेले तेव्हा रश्श्याचं भलंमोठं पातेलं मागच्या पडवीत निवत ठेवलेलं होतं, वर नुसता टॉवेल. दुसरं म्हणजे, शनिवारी जेवणाच्या गडबडीत मेविस चार वेळा मागच्या दाराने गायब झाली. मी मोजलं. चौथ्यांदा आली तेव्हा चेहरा पांढराफटक होता आणि माझ्याकडे न बघता ती हात धूत राहिली, कोपरापर्यंत, ऑपरेशनला निघाल्यासारखी.

"काय गं, कुठे असतेस सारखी?" मी विचारलं.

"वारा खायला गेले होते. चुलीपाशी जीव घाबरतो," ती म्हणाली.

बावीस वर्षांत तिचा जीव कधी चुलीपाशी घाबरला नव्हता.

पहिले दोन दिवस मी फारसं मनावर घेतलं नाही. पोट बिघडतं, दोन दिवसांत ताळ्यावर येतं. हॉलिसला मी सूप आणि जिंजर एल, म्हणजे आल्याचा गोड सोडा, दिला. तो दिवसातून आठ-दहा वेळा आत जायचा आणि दर वेळी बाहेर येऊन बातमीदारासारखा वृत्तान्त द्यायचा. मी म्हटलं, "अरे, मला सांगू नकोस, मी काय तिकिटं विकते?"

तिसऱ्या दिवशी तो थोडा बरा वाटला, चौथ्या दिवशी पुन्हा सुरू. आणि आता वेगळंच. पोट फुगलेलं, कुजक्या अंड्यांसारखे ढेकर, आणि पाण्यावर तरंगणारं काहीतरी तेलकट, ज्याचा वास जिन्यापर्यंत यायचा. ताप नाही, रक्त नाही. आमच्या मुलीने, कोरिनने, शहरातून फोनवर सांगितलं, "आई, जिंजर एल पुरे. एक लिटर पाणी घे, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्रत्येक जुलाबानंतर एक ग्लास, घोट घोट. मोजून घाल हं, अंदाजे नको."

मी मोजून घातलं. चाकूने चमच्याचा वरचा भाग कापून सपाट केला. पाणी अर्थातच झऱ्याचं. गावच्या नळाला क्लोरीनचा वास येतो, आमच्या अंगणातल्या विहिरीला लोखंडाची चव आहे, आणि डोंगरावरच्या वळणावर दगडी भिंतीतून जी लोखंडी नळी बाहेर येते तिचं पाणी माझे आजोबा प्यायले, वडील प्यायले. मी स्वतः पाणी फारसं पीत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चुलीवर कॉफीची किटली खळखळत असते आणि मी तीच पिते. पण हॉलिस मात्र फ्रीजमधलं झऱ्याचं थंड पाणी जगच्या जग भरून पितो आणि वर म्हणतो, "हे औषध आहे, आर्डिथ."

पाचव्या दिवशी मी पोस्टात गेले.

आमच्याकडे टपाल घरी येत नाही. अकराला पोस्टातली ग्रेटा खिडकी उघडते, त्याआधी निम्मं गाव तिथे रांगेत उभं असतं, आणि तिथे खरी वाटणी होते ती बातम्यांची, पत्रांची नव्हे. मी म्हटलं की हॉलिस पाच दिवस अंथरुणाला खिळलाय. कुणीतरी म्हणालं, मर्ल म्हाताऱ्याचंही पोट बिघडलंय. ग्रेटा म्हणाली, शाळेतल्या बाईंनी सुट्टी घेतलीय, त्याच कारणाने. तिघेही जेवायला होते. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं की मी तोंड बंद ठेवायला हवं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"पातेलं पडवीत होतं रात्रभर," मी म्हणाले. "टॉवेल झाकून. आणि जेवणाच्या दिवशी बाई चार वेळा मागच्या दाराने बाहेर. काय लपवत होती देव जाणे."

सगळे आपापलं टपाल घेऊन पांगले, आणि टपालाबरोबर ही बातमीही घरोघर गेली. रविवारी चर्चमध्ये मेविस आली नाही. सोमवारी कळलं की तिने हॉलची किल्ली एका पाकिटात घालून मंडळाच्या अध्यक्षांच्या दारात ठेवली. चिठ्ठीत एकच ओळ होती: पुढच्या वर्षीपासून दुसरं कुणीतरी बघा.

मला काय वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं. निर्दोष माणूस किल्ली परत करतो का? मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

त्याच सोमवारी सकाळी, म्हणजे नवव्या दिवशी, हॉलिस लाकडं रचायला बाहेर गेला. मी नको म्हणत होते, पण व्हर्माँटच्या माणसाला ऑक्टोबरात लाकडं रचायला नको म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. खिडकीतून मला दिसलं की तो वाकला, उभा राहिला, एक हात हवेत फिरवला आणि ढिगाऱ्यावर बसला. बसला म्हणजे कोसळला. मी धावले. चेहरा राखाडी, ओठ भेगाळलेले, जीभ कोरडी ठाक.

"आज लघवीला गेलास का?" मी विचारलं.

"सकाळी. थोडी. चहाच्या रंगाची," तो म्हणाला. "अगं, उगाच गवगवा करू नकोस."

गवगवा न करता मी त्याला गाडीत घातलं. वीस मैलांवर दवाखाना. वाटेत मी मेविसला मनसोक्त शिव्या घातल्या. हॉलिस डोळे मिटून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तिचा रस्सा चांगला होता गं."

"चांगला होता म्हणूनच तर तीनदा खाल्लास आणि आता मरायला टेकलायस."

दवाखान्यात तेरेसा बूशे असते. डॉक्टर नाही, नर्स आहे, पण तपासायचं, औषध लिहायचं, टाके घालायचे, सगळं तीच करते. तिने हॉलिसला आडवं झोपवून ब्लडप्रेशर घेतलं, मग उभं करून घेतलं. उभं केल्यावर आकडा असा घसरला की तिने त्याला लगेच परत झोपवलं. वजन अकरा पौंडांनी कमी.

"ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेतायत का अजून?" तिने विचारलं.

"घेतोय की. रोज. एकही चुकवलेली नाही," हॉलिस अभिमानाने म्हणाला.

"त्यातली एक लघवी वाढवणारी. शरीरातून पाणी खालून चाललंय आणि तुम्ही गोळी घेऊन आणखी बाहेर काढताय," ती म्हणाली. "दुसरी गोळीसुद्धा अशा वेळी मूत्रपिंडांना जड जाते. दोन्ही बंद. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही. अहो, जुलाबाने माणूस जातो तो जुलाबाने नाही, सुकून जातो. या वयात तर लवकर."

 नऊ दिवस रोज सकाळी त्या गोळ्या त्याच्या हातावर मीच ठेवत होते.

तिने सलाईन लावलं, रक्त घेतलं. दुसरी बाटली अर्धी होईतो हॉलिसच्या गालांवर थोडा रंग आला आणि तो घोरायला लागला. मग ती माझ्याकडे वळली आणि प्रश्न सुरू झाले. ताप? नाही. रक्त, आव? नाही. हल्ली कुठलं अँटिबायोटिक? नाही. प्रवास? मी म्हटलं, "तो शेजारच्या गावाला गेला तरी त्याला परदेशी गेल्यासारखं वाटतं."

"मग मला सांगा, तुमचं काय म्हणणं आहे, कशाने झालं?"

मी वाटच बघत होते. पातेलं, पडवी, टॉवेल, मागचं दार, सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "रस्सा असा रात्रभर निवत ठेवणं चूकच. मोठ्या पातेल्यात आतला भाग तासन् तास कोमट राहतो आणि त्यात जंतू वाढतात. पण त्याने पोट बिघडलं तर काही तासांत बिघडतं, फार तर दुसऱ्या दिवशी. आणि दिवस-दीड दिवसात थांबतं. त्याला तपासण्याही लागत नाहीत, पाणी पाजलं की झालं. काही जंतू आठवडाभर छळतात, पण तेव्हा बहुतेक वेळा ताप असतो, पोटात मुरडा असतो. हा नववा दिवस आहे. किती जण जेवले होते?"

"एकशेचाळीस."

"आणि आजारी किती?"

"तिघे. आमच्या माहितीत."

"रस्सा एवढा निवडून माणसं धरत नाही," ती म्हणाली.

मला राग आला. मला वाटलं, हीसुद्धा मेविसला सामील. मेविसची भाची इथेच कामाला असते, माहिती आहे मला. म्हणून मग तिने जेव्हा विचारलं, "घरी पाणी कुठलं पिता?" तेव्हा मी सरळ तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "घरचंच. विहिरीचं."

का खोटं बोलले? कारण सरकारी माणसं दोन वर्षांपूर्वी झऱ्यापाशी पाटी लावून गेली होती: या पाण्याची तपासणी होत नाही. पाटी आठवडाभरात भिंतीमागे पालथी पडलेली दिसली. ती कुणी पाडली हे मला विचारू नका, कारण मला ठाऊक आहे. यांना आमचा झरा बंद करायचाय अशी माझी खात्री होती. पाण्याचा प्रश्न कानावर पडला की मला खाकी गणवेश दिसायचा.

तिने काहीतरी लिहून घेतलं. मग एक प्लास्टिकची टोपी आणली, उलटी हॅट असते तशी. "ही कमोडच्या सीटखाली बसवायची. यात जे येईल त्यातलं थोडं या बाटलीत. जंतू, परजीवी सगळ्याची तपासणी एकदम होईल. नुसत्या अंदाजाने औषध द्यायचं नाही मला."

हॉलिस जागा झाला होता. "यात?" तो म्हणाला. "नऊ दिवस मी थांबवायचा प्रयत्न करतोय आणि आता तुम्हाला नमुना हवाय?"

"आता तरी नाही म्हणू नकोस," मी म्हटलं, "एवढं एकच काम तुला सध्या जमतंय."

त्याने अर्ध्या तासात जमवलं. रक्ताचा अहवाल आला: मूत्रपिंडांवर ताण पडलाय, पण वेळेत आलात. तिसरी बाटली संपल्यावर तेरेसाने त्याला पुन्हा उभं केलं, या वेळी आकडा टिकला. घरी जायला परवानगी मिळाली, पण पुन्हा भोवळ आली, लघवी थांबली किंवा रक्त दिसलं तर तडक परत. जुलाब थांबवायची गोळी मी विचारली तर म्हणाली, आत काय आहे ते कळेपर्यंत दार बंद करू नका. मीठ-साखरेची तयार पाकिटं दिली.

मी निघताना म्हणाले, "मी घरी करतच होते. सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ."

"मग त्यानेच ते आत्तापर्यंत तग धरून राहिले," ती म्हणाली. मी गाडीपर्यंत ताठ मानेने गेले.

पुढचे दोन दिवस ती पाकिटं मी झऱ्याच्या पाण्यात कालवली आणि दर जुलाबानंतर ग्लासभर त्याला पाजली. त्याची चक्कर गेली, लघवी नीट व्हायला लागली. जुलाब मात्र होते तसेच.

बुधवारी सकाळी नऊला फोन वाजला. तेरेसा.

"अहवाल आला. जिआर्डिया. सूक्ष्म परजीवी असतो, आतड्याला चिकटून बसतो. औषध लिहून दिलंय, एकदाच घ्यायचं, खाऊन घ्यायचं, आणि तीन दिवस बिअर नाही असं त्यांना सांगा."

"म्हणजे मेविसच्या हातून आला," मी म्हणाले. मला राहवलंच नाही. "त्या दिवशी ती सारखी आत-बाहेर करत होती. तिचंच पोट बिघडलं असणार."

"कुणाच्या हातून आला हे मला माहीत नाही आणि तुमच्या मैत्रिणीबद्दल मी बोलणार नाही. पण हिशेब सांगते. हा पोटात गेल्यावर त्रास सुरू व्हायला आठवडा जातो, कधी दोन. शनिवारी पोटात गेला असता तर रविवारी त्रास झाला नसता. तो त्या जेवणाआधीच त्यांच्या पोटात होता." ती थांबली. "हा आजार आम्हाला राज्याच्या आरोग्य खात्याला कळवावा लागतो. तिथून तुम्हाला फोन येईल. त्याआधी मी एकदा विचारते. हा बहुतेक पाण्यातून येतो, ज्या पाण्यात जनावराची किंवा माणसाची घाण मिसळलीय अशा. विहिरीचं पाणी खरंच तुम्ही पिता का?"

मी फोन कानाला धरून उभी होते. समोर ओट्यावर झऱ्याचा कॅन होता, अर्धा रिकामा. बाजूला कॉफीची किटली खळखळत होती.

"बाई? आहात ना?"

"मी पाणी पीत नाही," मी म्हणाले. "मी कॉफी पिते. उकळलेली."

"आणि ते?"

ऑगस्टमध्ये मोठा पाऊस झाला होता, रस्ता वाहून गेला तो. त्यानंतर मी झऱ्यावर गेले तेव्हा भिंतीमागे पाणी साठतं त्या दगडी टाकीचं झाकण दुभंगलेलं होतं आणि वरच्या कुरणातून, जिथे कालवडी चरतात, मातीचा एक ओघळ थेट त्या फटीत उतरला होता. मी पत्र्याचा एक तुकडा आणला, फटीवर ठेवला, वर दोन धोंडे ठेवले. पाणी दोन दिवस गढूळ आलं, मग नितळ झालं. मी कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पाटीवाले परत आले असते.

"ते झऱ्याचं पितात," मी म्हणाले. "डोंगरावरच्या. मी तुमच्याशी खोटं बोलले."

तेरेसा रागावली असेल तर आवाजात जाणवलं नाही. "मीठ-साखर कशात कालवत होता?" तिने विचारलं आणि मग स्वतःच म्हणाली, "बरं. माप बरोबर होतं तुमचं. पाणी चुकलं. आजपासून खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळायचं आणि गार करून वापरायचं. तो झरा बंद करायला मी आत्ताच कळवते. आणि मला नावं हवीत. तुमच्या माहितीत आणखी कोण कोण ते पाणी पितं?"

मर्ल म्हातारा, मी त्याला झऱ्यावर भेटलेय. शाळेतल्या बाई, त्यांच्या गाडीत नेहमी कॅन असतात. मी नावं सांगत गेले आणि सगळ्यात शेवटी मेविसचं सांगितलं. तेरेसा म्हणाली, त्यांना आजच घेऊन या.

हॉलिसला उकळून गार केलेलं पाणी आणि टोस्ट देऊन मी गाडी काढली आणि मेविसकडे गेले. दार उघडायला मेविसला वेळ लागला. बारा दिवसांत मी तिला पाहिलं नव्हतं. गेल्या शुक्रवारी कॅन पायरीवर ठेवून मी दार न वाजवता परतले होते. रागावले होते ना तिच्यावर. राग असला तरी पाणी मात्र नेऊन दिलं होतं, इतकी मी चांगली.

तिच्या अंगावर घरातला झगा लोंबत होता. गाल आत गेलेले. डोळ्यांखाली काळं.

"आलीस," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं तू येशील. बोलून घे काय बोलायचंय ते. पण मी बसते हं, मला उभं राहवत नाही."

"किती दिवस झाले तुला?" मी विचारलं.

"जेवणाच्या दिवशी सकाळी सुरू झालं." ती हाताच्या नखांकडे बघत होती. "मला कळत होतं की मी स्वयंपाकाला जाऊ नये. पण एकशेचाळीस माणसं, आर्डिथ! ऐन वेळी कोण उभं राहिलं असतं? मी प्रत्येक वेळी कोपरापर्यंत हात धुतले, चामडी निघेपर्यंत. तरी झालंच. हॉलिसला झालं, मर्लला झालं, त्या बाईंना झालं. माझ्यामुळेच. डॉक्टरकडे कुठल्या तोंडाने जाऊ? म्हणून किल्ली देऊन टाकली. हॉलिस कसा आहे गं? खरं सांग. रोज रात्री मला वाटतं तो मेला."

"बरा आहे."

"देवाची कृपा," ती म्हणाली आणि तिला रडू आलं. मग झग्याच्या बाहीने नाक पुसून उठली. "पायऱ्या धावत चढलीस ना? धाप लागलीय तुला. थांब, पाणी देते. कॉफी करायचं त्राण नाही माझ्यात."

ओट्यावर माझे दोन कॅन होते, झाकणावर माझ्याच अक्षरात म लिहिलेला. तिने एक कॅन दोन्ही हातांनी तिरका केला, ग्लास काठोकाठ भरला आणि माझ्यापुढे धरला. "तुझंच आहे," ती म्हणाली. "गेल्या बारा दिवसांत एवढंच पोटात ठरतंय. यावरच जगलेय मी."

मी ग्लास घेतला आणि मोरीत ओतला. मग कॅन उचलून तोही ओतायला लागले.

"अगं, अगं! वेड लागलं का तुला?"

"रस्सा नव्हता, मेविस. तुझे हातही नव्हते. हे होतं." मी ओतत राहिले, कारण तिच्याकडे बघून मला बोलता आलं नसतं. सगळं सांगितलं. आठवडा-दोन आठवड्यांचा हिशेब, कालवडी, पत्रा, दोन धोंडे. पोस्टात काय बोलले तेही सांगितलं. तिला ते माहीत होतं हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, पण माझ्या तोंडून तिला ऐकायचं होतं. दुसरा कॅनही रिकामा झाला.

ती पुन्हा खुर्चीत बसली. मग अगदी हळू विचारलं, "म्हणजे रस्सा चांगला होता?"

"हॉलिसने तीनदा घेतला. आत्तासुद्धा आठवण काढतो."

ती मान हलवत राहिली. मला वाटलं झालं, संपलं. पण मेविस पेल्की बावीस वर्षं एकशेचाळीस माणसांचा अंदाज चुकवत नाही ती उगाच नाही.

"झाकण फुटलेलं तुला कधी दिसलं म्हणालीस?"

"ऑगस्टमध्ये."

"म्हणजे दर शुक्रवारी मला कॅन आणून देताना तुला माहीत होतं."

"पाणी नितळ होतं गं. मला वाटलं..." मी रिकामा कॅन खाली ठेवला. "होय. माहीत होतं."

"माझ्या पातेल्यावरचा टॉवेल तुला दिसला," ती म्हणाली. "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून."

मी तिची चूल पेटवली, नळाचं पाणी पातेल्यात घेतलं आणि उकळायला ठेवलं. तिला आधी दवाखान्यात न्यायचं होतं, तपासणी करायची होती, वाटेत घोट घोट प्यायला बाटली भरून घ्यायची होती. साखर कुठे आहे हे मी विचारलं नाही, मला तिच्या फळ्या पाठ आहेत. सहा चमचे, चाकूने सपाट करून. अर्धा चमचा मीठ. पाण्याला उकळी फुटली तसं मी घड्याळाकडे बघून मिनिट मोजलं. मेविस खुर्चीत बसून माझ्या हातांवर नजर ठेवून होती, चमच्यागणिक. तिला तो हक्क होता. मला मात्र ती नजर सोसवत नव्हती.

पातेलं मी थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवलं, लवकर निवावं म्हणून.

"बघ," मेविस म्हणाली, "असं निववायचं असतं हे मलाही ठाऊक होतं. पातेलं घमेल्यात मावत नाही म्हणून आळस केला. पुढच्या वर्षी चार पातेल्यांत करीन."

"पुढच्या वर्षी?" मी विचारलं. "किल्ली तर देऊन टाकलीस."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा झाले होते. टेबलाला धरून ती उठली आणि खुंटीवरचा कोट काढला.

"तेरेसा वाट बघतेय," मी म्हणाले. "चल, तुला उशीर नको."

"दवाखाना पोस्टावरूनच पुढे आहे ना? अकराला खिडकी उघडते. सगळे असतील." तिने कोटात एक हात घातला आणि दुसरा हात मला धरायला दिला. "आधी तिथे गाडी थांबव. जिथे बोललीस तिथेच बोल. मी गाडीत नाही बसणार, आत येऊन ऐकणार."

मी बाटली भरली, झाकण दोनदा फिरवून पाहिलं आणि तिच्या हातात दिली. तिने ती नाकाशी नेली, वास घेतला, मग माझ्याकडे पाहिलं.

"उकळलंय ना?" तिने विचारलं.

"तुझ्यासमोर उकळलंय," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. तरीही तिने बाटली पुढे केली. "आधी तू पी."

मी प्यायले.